यादीत नाव आलं, आता लिहायचं काय?

राज्यसेवेचा निकाल लागला की तहसील कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या तासात तीस-चाळीस संदेश येतात. त्यातले वीस तरी एकाच्या संदेशावरून दुसऱ्याने उचललेले असतात. पुष्पगुच्छ, हात जोडलेले, फटाके, ‘हार्दिक अभिनंदन’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. जिचं नाव यादीत आलं ती सगळ्यांना ‘धन्यवाद’ लिहिते आणि फोन बाजूला ठेवते. यात कुणाचं काही चुकत नाही. पण शेजारच्या टेबलावर तीन-चार वर्षं काम केलेल्या माणसानेही तेवढंच लिहिलं, तर मात्र एक चांगली संधी वाया गेली असं मला वाटतं. नातेवाइकांना निकाल दिसतो, क्लासवाल्यांना फोटो दिसतो. नोकरी सांभाळून तो अभ्यास कसा झाला हे सहकाऱ्यालाच माहीत असतं, आणि त्याच्या संदेशात तेच यायला हवं.

एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. माणसं काल्पनिक आहेत, तारखा खऱ्या. तालुक्याच्या तहसील कार्यालयात निवडणूक शाखेत काम करणारी एक महसूल सहाय्यक आहे. लोक अजून तिला क्लार्क मॅडमच म्हणतात. तिने 2024 ची राज्यसेवा दिली आणि अंतिम यादीत तिच्या नावापुढे नायब तहसीलदार हे पद आलं. शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी वयाने लहान आहे, तिला ‘ताई’ म्हणतो. त्याला संदेश लिहायचा आहे.

लिहिण्याआधी त्याने एक गोष्ट तपासायला हवी: हाती आलेली यादी नेमकी कोणती? हे क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. राज्यसेवेत एकच निकाल नसतो. आधी पूर्वपरीक्षा. तिचे गुण पुढे कुठेही धरले जात नाहीत, ती फक्त मुख्य परीक्षेचं दार उघडते. मग मुख्य परीक्षा. 2024 ची भरती जुन्या पद्धतीने झाली, म्हणजे सहा पेपर आणि 800 गुण. वर मुलाखतीचे 100. पुढच्या वर्षीपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि गुणांचं गणित बदललं. मुलाखती संपल्या की आयोग सर्वसाधारण गुणवत्ता यादी लावतो, आणि गोंधळ होतो तो या यादीपाशी. मुलाखत दिलेल्या उमेदवारांची गुणांप्रमाणे लावलेली ती उतरंड असते. त्यात नाव असणं म्हणजे पद मिळणं नव्हे. त्यानंतर उमेदवार पदांचा पसंतीक्रम देतात, ज्यांना हे पद नकोच ते बाहेर पडतात, आणि मग जी यादी लागते तिच्यात नावापुढे पद छापलेलं असतं. ती शिफारस यादी.

गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहून गावात फलक लागलेले आणि नंतर शिफारस यादीत नावच नाही, असं होऊ शकतं. त्या मुलावर किंवा मुलीवर मग दुहेरी संकट येतं. पद गेलेलं असतं आणि शिवाय ‘मग ते अभिनंदन कशाचं होतं?’ हे भेटेल त्याला समजावून सांगत बसावं लागतं. म्हणून साधा नियम: नावापुढे पद दिसत नसेल तर ‘अधिकारी झालात’ असं लिहू नये. गुणवत्ता यादीच्या दिवशी ‘यादीत नाव पाहिलं, बरं वाटलं. पुढच्या यादीची वाट बघतोय’ एवढं पुरतं. पूर्वपरीक्षेच्या दिवशी तर त्याहूनही कमी. ‘प्री निघाली, छान. आता मी फोन करणार नाही, अभ्यास करा’ हा संदेश मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यात उपयोगी म्हणता येईल असा.

शिफारस यादीनंतरही काम संपत नाही. आयोग शिफारस करतो, नियुक्ती शासन देतं. मध्ये कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी असते, आणि कधी कधी कोर्टही असतं. 2019 च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून 2020 मध्ये लागला. चारशेहून अधिक जणांची शिफारस झाली, सत्कार झाले, वर्तमानपत्रांत मुलाखती छापून आल्या. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि या सगळ्यांच्या नियुक्त्या अडकल्या. मे 2021 मध्ये तो कायदाच रद्द झाला. उपजिल्हाधिकारी म्हणून पेढे वाटलेली मुलं वर्षभराहून जास्त काळ घरीच बसून होती, आणि रोज कुणीतरी ‘साहेब, जॉइन कधी?’ असं विचारत होतं. ज्याने हे जवळून पाहिलं आहे तो अभिनंदनाच्या संदेशात ‘कधी रुजू होणार?’ हा प्रश्न घालत नाही. ते तिच्या हातात नसतं.

आता आपल्या सहकाऱ्याचा पहिला मसुदा पाहू. यादी हाती आल्या आल्या त्याच्या अंगठ्याने जे लिहिलं ते असं:

‘हार्दिक अभिनंदन ताई!! तुमच्या अथक परिश्रमांना अखेर यश आलं. आपल्या कार्यालयाचं नाव उज्ज्वल केलंत. आता लवकरच लाल दिव्याच्या गाडीत दिसाल. आम्हा गरिबांना विसरू नका. पेढे कधी?’

भावना चांगली आहे, पण एकेक वाक्य उचलून बघा. ‘अथक परिश्रम’ हे दहावी पास झालेल्या पुतण्यालाही लिहिता येतं आणि निवृत्त होणाऱ्या शिपायालाही. ‘अखेर’ हा शब्द तर बोचतो, कारण त्यात आधीचे हुकलेले प्रयत्न मोजलेले असतात. कितव्या प्रयत्नात निघालं हे तिने सांगावं, आपण नाही. लाल दिवा 1 मे 2017 पासून बंद झाला. नायब तहसीलदाराच्या गाडीवर तो त्याआधीही नव्हता, आणि कित्येक ठिकाणी त्या पदाला स्वतंत्र गाडीही नसते. तहसील कार्यालयातल्याच माणसाने हे लिहावं म्हणजे कमालच. ‘आम्हा गरिबांना विसरू नका’ हे वरवर विनोदी आहे, पण त्यात उद्याच्या कामाची चिठ्ठी आजच सरकवलेली असते, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर कळते. पेढ्यांचं मी काही म्हणत नाही. पेढे मागणं हा हक्कच आहे, फक्त तो तोंडी बजावावा.

मग लिहायचं काय? सहकाऱ्याने डोळे मिटून एकच आठवडा आठवायचा. या उदाहरणात तो शोधावा लागत नाही. 2024 ची पूर्वपरीक्षा आधी एप्रिलमध्ये होणार होती, ती पुढे ढकलली गेली. मग 25 ऑगस्ट ही तारीख आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक परीक्षाही होती. दोन्हींचे फॉर्म भरलेली मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली आणि ती तारीखही रद्द झाली. शेवटी परीक्षा झाली 1 डिसेंबरला. आता निवडणूक शाखेचं कॅलेंडर शेजारी ठेवा. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, मतमोजणी 23 नोव्हेंबरला. म्हणजे मतमोजणीनंतर बरोबर आठ दिवसांनी पेपर.

निवडणूक शाखेतला नोव्हेंबर कसा असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. मतदार यादीच्या पुरवण्या, मतदान कर्मचाऱ्यांचे आदेश, त्यांची प्रशिक्षणं, ‘माझी ड्यूटी रद्द करा’ म्हणून आलेले अर्ज आणि त्यांना जोडलेली वैद्यकीय प्रमाणपत्रं, साहित्य वाटप, मतदान संपल्यावर रात्री उशिरापर्यंत परत येणाऱ्या पेट्या आणि लिफाफे. रजा मागायची सोय नाही, मागितली तरी मिळत नाही. पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत बारा तास बसणाऱ्या मुलांशी हिची स्पर्धा होती, आणि पेपरच्या आदल्या आठवड्यात ही निवडणूक खर्चाच्या पावत्या लावत होती. हे फक्त शेजारच्या टेबलाला माहीत आहे. त्याचा दुसरा मसुदा इथूनच निघायला हवा:

‘ताई, शिफारस यादी पाहिली. नायब तहसीलदार पदापुढे तुमचं नाव वाचलं आणि तुमच्या टेबलाकडे बघितलं, तर आज तुम्ही रजेवर. मनापासून अभिनंदन.

सगळे निकालाबद्दल बोलताहेत. मला मात्र तो नोव्हेंबर आठवतोय. मतमोजणीच्या रात्री मशिन्स स्ट्राँगरूमला लावून आपण बाहेर पडलो तेव्हा तुमच्या पेपरला आठ दिवस उरले होते. त्या आठ दिवसांत तुम्ही एकही कागद माझ्या टेबलावर सरकवला नाहीत. डब्याच्या वेळी मात्र भूगोलाच्या नोट्स निघायच्या आणि भाजी गार व्हायची. ऑगस्टमध्ये तारीख रद्द झाली त्या दिवशी तुम्ही फक्त “बरं” म्हणालात आणि मतदार यादीच्या कामाला लागलात, तेही लक्षात आहे.

नियुक्तीच्या आदेशाला वेळ लागेल, घाई करू नका. कार्यमुक्तीची फाईल आस्थापनेत गेली की तिच्यामागे मी लागतो. जाण्याआधी एक दिवस मला तुमच्या कपाटातल्या नोंदवह्या समजावून द्या. पेढे खायला घरी येतोच.’

हा संदेश दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही, आणि तो चांगला उतरल्याची तीच खूण आहे. त्यात स्तुतीचं विशेषण एकही नाही, तरी ती वाचताना तिला स्वतःचं वागणं दिसेल. शेवटच्या भागात मदतीचं बोलणं आहे आणि ते मोघम नाही. सरकारी नोकरीतून दुसऱ्या सरकारी पदावर जाताना साधा राजीनामा टाकून चालत नाही. आधीची सेवा जोडून घ्यायची असेल तर परीक्षेला बसल्याची कार्यालयाला दिलेली माहिती, तांत्रिक राजीनामा, कार्यमुक्तीचा आदेश, सेवापुस्तकातल्या नोंदी हे सगळं जागच्या जागी लागतं. ‘काही लागलं तर सांगा’ हे सगळेच म्हणतात. ‘फाईलमागे मी लागतो’ हे आस्थापना शाखा ओळखणारा माणूसच म्हणू शकतो. अर्थात म्हटलं की मग लागावं लागतं, नाहीतर हे वाक्य काढून टाकलेलं बरं.

हा संदेश वैयक्तिक आहे, तो ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर दोन ओळी पुरतात: ‘आपल्या निवडणूक शाखेतील सहकारी यांची राज्यसेवा 2024 मधून नायब तहसीलदार पदासाठी शिफारस झाली आहे. कार्यालयातर्फे अभिनंदन.’ सहकारीच्या जागी नाव. यात ‘निवड झाली’ऐवजी ‘शिफारस झाली’ आहे आणि ते मुद्दाम आहे. सोबत आयोगाच्या यादीच्या पानाचा फोटो मात्र टाकू नका. त्या पानावर उमेदवार कोणत्या प्रवर्गातून आला हेही असतं, आणि तिच्या वर-खाली असलेल्या अनोळखी मुलांचंही असतं. मग कुणीतरी बोटांनी फोटो मोठा करतो, आणि अभिनंदनाच्या ग्रुपवर कट ऑफची चर्चा सुरू होते. तिचे गुण, तिचा प्रवर्ग, दुसऱ्या कुणाला इतके गुण असून पद का नाही, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर. हा प्रकार मला सगळ्यात ओंगळ वाटतो, आणि तो सुरू करणारा बहुतेक वेळा ‘मी आपलं सहज विचारलं’ म्हणणारा असतो.

ग्रुपवरचा संदेश कोण वाचणार याचाही विचार हवा. तहसील कार्यालयात अव्वल कारकून असतात. महसूल सहाय्यक म्हणून लागायचं, दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा द्यायच्या, अव्वल कारकून व्हायचं आणि मग ज्येष्ठता यादी सरकण्याची वाट बघत नायब तहसीलदार पदाची पदोन्नती घ्यायची, असा हा रस्ता आहे. त्यात नोकरीची उमेदीची वर्षं सगळी जातात, आणि काही जण पदोन्नतीचा आदेश येण्याआधीच निवृत्त होतात. आता कालपर्यंत ज्यांना विचारून टिपणी लिहिली, त्यांच्या वरच्या पदावर ही मुलगी जाणार. तिचं पोस्टिंग दुसऱ्या तालुक्यात होईल, पण तिथेही असेच अव्वल कारकून असतील. अशा वेळी ‘क्लार्कमधून सुटलात’, ‘कारकुनीच्या चिखलातून बाहेर पडलात’ असं ग्रुपवर लिहिणारा एका माणसाचं अभिनंदन करताना दहा माणसांना टपली मारतो. तीच बहुतेक आधी अवघडते.

गंमत म्हणजे सगळ्यात वजनदार संदेश त्या अव्वल कारकुनांकडूनच येऊ शकतो, कारण ती ज्या खुर्चीवर बसणार आहे तिचं काम त्यांनी शेजारी बसून वर्षानुवर्षं केलेलं असतं. ते तिला अजून ‘तू’च म्हणतात, आणि संदेशातही ‘तू’च ठेवावं. निकालाच्या दिवशी एकदम ‘आपण’ आणि ‘मॅडम’ सुरू झालं की तिला परकं वाटतं. कार्यालयात चारचौघांत काय म्हणायचं ते नंतर आपोआप ठरतं. त्यांचा संदेश चारच वाक्यांचा असला तरी चालेल: ‘पोरी, फार आनंद झाला. एक सांगून ठेवतो. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांवर सही करण्याआधी दोन-चार बांधांवर स्वतः जाऊन येत जा, नुसतं तलाठ्याच्या तोंडावर जाऊ नको. कारकुनाने टिपणीत एखादी ओळ गाळली असेल तर का गाळली ते त्याला बोलावून विचार.’ असा सल्ला कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये नसतो. मात्र सल्ला एकच द्यावा. पाच दिले की ते प्रशिक्षण होतं, आणि ते शासन तिला देणारच आहे.

उरला तो त्याच कार्यालयातला दुसरा मुलगा. मोठ्या कार्यालयात असा एखादा असतोच. पुरवठा शाखेत बसतो, तीच परीक्षा दिलेली, मुलाखतीपर्यंत पोचलेला, थोड्या गुणांनी राहिलेला. गुणवत्ता यादीत त्याचं नाव आहे, शिफारस यादीत नाही. तिच्यासाठी पेढ्यांचा बॉक्स फिरतो तेव्हा तोही एक उचलतो आणि फाईल उघडतो. त्या दिवशी लोक त्याला एकतर टाळतात किंवा ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतात. पुढची वेळ किती अवघड झाली आहे ते त्याला ठाऊक असतं. बहुपर्यायी मुख्य परीक्षेसाठी केलेली सगळी तयारी आता वर्णनात्मक पेपरांसाठी नव्याने बांधायची आहे. उत्तरं लिहायचा सराव शून्यापासून करायचा, वैकल्पिक विषय निवडायचा, आणि नोकरी आहेच.

त्यालाही संदेश जायला हवा, आणि तो शेजारच्या टेबलावरच्या त्याच सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी, पण वेगळा पाठवावा. त्यात तिचं नाव नको, गुणांचा फरक नको, सांत्वनही नको. ‘आज सहाला सुटल्यावर चहाला येतोस का? परीक्षेबद्दल बोलायलाच हवं असं नाही.’ तो ‘नको’ म्हणेल कदाचित, तर पुन्हा चार दिवसांनी विचारावं. ज्या ताईचं नाव यादीत आलं तिच्याकडे मुख्य परीक्षेच्या नोट्स असतील, पण त्या तिने स्वतःहून त्याला दिल्या तरच. ‘ताईच्या नोट्स घे’ असं आपण मध्ये पडून म्हणू नये. बऱ्याचदा ती आठवडाभराने एका पिशवीत घालून त्या त्याच्या टेबलावर ठेवून जाते, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.